पाचशे चार्ट, चार निर्णय

शेअर समोर असतो, चार्ट उघडलेला असतो, ज्या भावाची वाट पाहिली तो भावही येतो, आणि तरीही ऑर्डर टाकली जात नाही. आणखी एक इंडिकेटर पाहू, पंधरा मिनिटांचा चार्ट तपासू, त्याच क्षेत्रातला दुसरा शेअर जास्त चांगला दिसतो का ते बघू, असे करता करता भाव पुढे निघून जातो. ट्रेडिंगच्या जगात याला ‘अ‍ॅनालिसिस पॅरालिसिस’ म्हणतात. हा आळशी माणसाचा दोष नाही. रोज तास-दोन तास चार्ट पाहणाऱ्या मेहनती माणसालाच तो जडतो, आणि त्यावर तो आणखी चार्ट पाहण्याचा उपाय करतो, म्हणून तो वाढत जातो.

इथे राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईवर, दैनंदिन चार्ट पाहून काही दिवसांसाठी शेअर घेणाऱ्या स्विंग ट्रेडरचे उदाहरण घेतले आहे. इंट्राडे करणाऱ्याची गती वेगळी असली तरी अडचणीचे मूळ तेच असते.

गर्दी कशी जमते

एनएसईवर दोन हजारांहून अधिक कंपन्यांचे शेअर नोंदलेले आहेत. त्यातले सगळे कुणी पाहत नाही, पण वॉचलिस्ट हळूहळू फुगत जाते. एक यादी बँकांची, एक औषध कंपन्यांची, एक संरक्षण क्षेत्राची, एक कुणीतरी सुचवलेल्या शेअरची आणि एक ‘नंतर बघू’ अशी. शेअर यादीत घालायला एक क्लिक पुरते. काढताना मात्र मनात येते, की उद्याच हा पळाला तर? त्यामुळे यादीत आवक असते, जावक नसते. दीडशे शेअरची यादी रोज नीट पाहायची आणि प्रत्येक चार्टला फक्त दोन मिनिटे द्यायची म्हटली तरी पाच तास लागतात. इतका वेळ कुणाकडे नसतो. मग काही चार्ट वरवर पाहिले जातात, काही राहून जातात आणि सगळ्यांबद्दल अर्धवट मत तयार होते.

दुसरी गर्दी चार्टच्या आत असते. आरएसआय, एमएसीडी आणि स्टोकॅस्टिक ही तीन इंडिकेटर एकाच वेळी लावलेली अनेक ट्रेडरांच्या स्क्रीनवर दिसतात. आरएसआय सहसा मागच्या १४ दिवसांच्या बंद भावांमधील चढ-उतारांवरून काढतात. एमएसीडी १२ आणि २६ दिवसांच्या मूव्हिंग अ‍ॅव्हरेजमधल्या फरकावरून निघतो. आजचा बंद भाव मागच्या काही दिवसांच्या उच्चांक-नीचांकाच्या पट्ट्यात कुठे बसतो, हे स्टोकॅस्टिक सांगतो. म्हणजे तिघांचा कच्चा माल एकच, त्या शेअरचा भाव. तिन्ही एका सुरात बोलली तर तीन स्वतंत्र साक्षीदार मिळाल्यासारखे वाटते; प्रत्यक्षात एकाच साक्षीदाराचे म्हणणे तीनदा ऐकलेले असते.

ती एका सुरात बोलत नाहीत तेव्हा गोंधळ अधिक होतो. जोरदार चढत्या शेअरचा आरएसआय ७० च्या वर जातो आणि ‘खूप खरेदी झाली, जपून’ असा त्याचा अर्थ लावला जातो. त्याच दिवशी एमएसीडी तेजी कायम असल्याचे दाखवतो. यातले एकही चूक नाही, कारण एक भावाचा ताण मोजते आणि दुसरे भावाची दिशा. टाइमफ्रेमचेही तसेच. दैनंदिन चार्टवर चढत असलेला शेअर पंधरा मिनिटांच्या चार्टवर सकाळपासून उतरत असू शकतो. कोणत्या चार्टवर निर्णय घ्यायचा हे आधी ठरले नसेल, तर प्रत्येक ‘घ्या’ला उत्तर देणारा एक ‘थांबा’ कुठे ना कुठे सापडतोच.

माहिती वाढते, अचूकता वाढत नाही

जास्त माहिती मिळाली की निर्णय सुधारतो, हा समज अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोव्हिक यांनी १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतींचे अंदाज बांधणाऱ्या ८ अनुभवी लोकांवर तपासला. जुन्या शर्यतींतील घोड्यांबद्दलची माहिती त्यांना टप्प्याटप्प्याने देण्यात आली. आधी प्रत्येकाने स्वतः निवडलेल्या ५ बाबी, मग १०, २० आणि शेवटी ४०. अंदाजांची अचूकता सरासरीने जवळपास तेवढीच राहिली. वाढला तो अंदाज बांधणाऱ्यांचा आत्मविश्वास. पहिल्या पाच बाबींतच उपयोगाचा बहुतेक ऐवज आलेला होता.

पर्यायांच्या संख्येबद्दलचा प्रसिद्ध प्रयोग शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० मध्ये मांडला. दुकानातल्या टेबलावर कधी २४ प्रकारचे जॅम ठेवले, कधी ६ प्रकारचे. मोठ्या मांडणीजवळ जास्त लोक थांबले, पण थांबलेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनीच खरेदी केली. लहान मांडणीजवळ थांबलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. पुढे झालेल्या अनेक प्रयोगांत मात्र हा परिणाम दर वेळी दिसला नाही. २०१० मध्ये अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. २०१५ मधील आणखी एका आढाव्याने, पर्यायांची गर्दी केव्हा जाचते, हे दाखवले. पर्यायांची तुलना करणे कठीण असते, निर्णय अवघड असतो आणि आपल्याला नेमके काय हवे हे माणसाचे ठरलेले नसते तेव्हा ती जाचते. सकाळी सव्वानऊला दीडशे शेअरच्या यादीसमोर बसलेल्या आणि सेटअप न ठरवलेल्या ट्रेडरला या सगळ्या अटी लागू पडतात.

उशिराचा हिशेब

निर्णय लांबला तर फार तर संधी जाईल, नुकसान तर होणार नाही, असे वाटते. पण लांबलेला निर्णय बहुतेकदा शेवटी घेतला जातोच, आणि तो चुकीच्या भावाला घेतला जातो.

समजा, एक शेअर तीन आठवडे ३८५ ते ४१० रुपयांच्या पट्ट्यात फिरत आहे. ४१२ ला ब्रेकआउट झाला तर घ्यायचा, ३९८ ला स्टॉप-लॉस ठेवायचा आणि आधीचा उच्चांक ४४० ला आहे म्हणून तिथे लक्ष्य धरायचे, असा विचार आहे. जोखीम शेअरमागे १४ रुपये, अपेक्षित नफा २८ रुपये, म्हणजे दुप्पट. असे व्यवहार करणाऱ्याचे तीनांपैकी एक गणित बरोबर आले तरी, खर्च सोडून, तोटा होत नाही.

आता भाव ४१२ ला आला, पण ट्रेडर आणखी दोन चार्ट तपासत राहिला आणि ‘आता खात्री पटली’ म्हणून ४२१ ला खरेदी झाली. स्टॉप-लॉस तिथेच असल्याने जोखीम २३ रुपये झाली आणि लक्ष्यापर्यंत १९ रुपयेच उरले. आता तोटा टाळायला १०० पैकी किमान ५५ व्यवहार बरोबर यावे लागतील. शेअर तोच, सेटअप तोच, कंपनीही तीच. ९ रुपयांच्या उशिराने तीनांत एकदा बरोबर असणे पुरेसे होते, ते आता निम्म्याहून अधिक वेळा बरोबर असावे लागते. अधिक खात्रीसाठी घालवलेला वेळ व्यवहारच वाईट करून ठेवतो.

म्हणून विश्लेषण आणि अंमलबजावणी वेगवेगळ्या वेळी करायची, हा या दोषावरचा उपाय. विश्लेषण बाजार बंद असताना पूर्ण करायचे आणि बाजार चालू असताना फक्त ठरलेले पाळायचे. रोजची छोटी यादी त्यासाठीच असते.

संध्याकाळची चाळणी

दुपारी साडेतीनला बाजार बंद झाल्यावर दिवसाचे भाव पक्के होतात आणि संध्याकाळी एनएसईची भावकॉपी येते. चाळणी याच पक्क्या भावांवर लावायची, कारण दिवसा अर्धवट बनलेली कॅंडल शेवटच्या अर्ध्या तासात पूर्ण बदलू शकते.

चाळणी लावण्याआधी एक सेटअप शब्दांत लिहिलेला असावा लागतो. वरच्या उदाहरणातला सेटअप असा लिहिता येईल: ‘चढत्या शेअरने काही आठवडे अरुंद पट्ट्यात विश्रांती घेतल्यावर पट्ट्याच्या वर जाताना खरेदी.’ आता प्रत्येक शब्दाला माप द्यायचे. शेअर निफ्टी ५०० मधला हवा. मागच्या २० दिवसांची सरासरी उलाढाल रोज २० कोटी रुपयांहून अधिक हवी, म्हणजे घेता-विकताना भाव हलणार नाही. बंद भाव ५० आणि २०० दिवसांच्या मूव्हिंग अ‍ॅव्हरेजच्या वर हवा आणि ५० दिवसांची रेषा २०० दिवसांच्या रेषेच्या वर हवी. भाव ५२ आठवड्यांच्या उच्चांकापासून १० टक्क्यांच्या आत हवा. शेवटी, मागच्या १५ दिवसांचा पट्टा ८ टक्क्यांपेक्षा रुंद नको.

या आकड्यांत पवित्र असे काही नाही. २० कोटींच्या जागी कुणी १० कोटी धरील, ८ टक्क्यांच्या जागी १० टक्के. ते लिहून ठेवलेले असणे आणि रोज तेच असणे महत्त्वाचे. या अटी कोणत्याही स्कॅनरमध्ये घालता येतात आणि काही सेकंदांत ५०० नावांतून पंधरा-वीस नावे उरतात. बाजार मंदीत असेल तर दोन-तीनच उरतात, कधी एकही नाही. चाळणी रिकामी आली की अटी सैल करून नावे भरायची नाहीत. या सेटअपला सध्या बाजार अनुकूल नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

इथून पुढे डोळ्यांचे काम सुरू होते. उरलेल्या पंधरा-वीस शेअरचे दैनंदिन चार्ट एकेक करून पाहायचे, आणि निवडण्यापेक्षा वगळण्याच्या नजरेने पाहायचे. वगळण्याची कारणे तीनच पुरतात. पहिले कारण जागा नसणे. समजा, ८५० ला घ्यायचा शेअर आहे, स्टॉप-लॉस ८२० ला येतो आणि आधीचा रेझिस्टन्स ८८० लाच आहे. ३० रुपयांच्या जोखमीसमोर ३० रुपयांचीच जागा आहे, म्हणून तो बाद. दुसरे कारण निकालाची तारीख. कंपनीच्या संचालक मंडळाची तिमाही निकालांसाठीची बैठक पुढच्या तीन-चार दिवसांत असेल तर चार्ट कितीही देखणा असला तरी तो शेअर बाजूला ठेवायचा, कारण निकालानंतर भाव स्टॉप-लॉस ओलांडूनच उघडू शकतो. बैठकीची सूचना कंपनीला शेअर बाजाराकडे आधी द्यावी लागते, त्यामुळे ही तारीख सहज पाहता येते. तिसरे कारण एकाच क्षेत्राची गर्दी. पाचपैकी चार शेअर बँकांचे असतील तर ते चार वेगळे निर्णय नसतात, बँक निफ्टीवर लावलेली एकच मोठी पैज असते. एका क्षेत्रातून सर्वांत नीटस असा एक, फार तर दोन शेअर ठेवायचे.

एका शेअरची नोंद

चाळणीतून उरलेले नुसते नाव अजून यादीत बसण्याइतके पक्के नसते. त्याच्यापुढे चार गोष्टी लिहिल्या की निर्णय पूर्ण होतो: कोणत्या भावाला घ्यायचा, कोणत्या भावाच्या वर घ्यायचा नाही, स्टॉप-लॉस कुठे आणि किती शेअर घ्यायचे.

वरचाच शेअर घेऊ. खरेदी ४१२ ला. बाजार उसळी घेऊन उघडला तर किती वरपर्यंत जायचे, तेही आधीच ठरवायचे. ४१५ ला घेतला तर जोखीम १७ आणि जागा २५ रुपये, म्हणजे सुमारे दीडपट. त्याच्या पलीकडे जायचे नाही. स्टॉप-लॉस ३९८. आता संख्या. भांडवल ५ लाख रुपये असेल आणि एका व्यवहारात भांडवलाच्या १ टक्क्याहून जास्त गमवायचे नाही असे ठरले असेल, तर तोट्याची मर्यादा ५,००० रुपये. हिशेब सर्वांत वाईट भावाने करायचा, म्हणजे ४१५ धरून. ५,००० भागिले १७ केले की २९४ शेअर येतात आणि त्यांना सुमारे १ लाख २२ हजार रुपये लागतात.

ही नोंद तशीच्या तशी ऑर्डरमध्ये उतरवता येते. खरेदीच्या स्टॉप-लॉस ऑर्डरमध्ये ट्रिगर ४१२ आणि मर्यादा ४१५ ठेवली, की भाव ४१२ ला आल्यावर ऑर्डर आपोआप जागी होते आणि ४१५ च्या वर खरेदी करत नाही. सकाळी ही ऑर्डर टाकल्यावर ‘घेऊ की नको’ हा प्रश्न त्या दिवसापुरता उरत नाही. खरेदी झाली की लगेच ३९८ ची विक्रीची स्टॉप-लॉस ऑर्डर टाकायची. साधी ऑर्डर दिवसाअखेर रद्द होते, म्हणून ती रोज नव्याने टाकावी लागते किंवा ब्रोकरच्या अ‍ॅपमधील दीर्घ मुदतीची सोय वापरावी लागते.

यादी किती मोठी असावी

वरच्या हिशेबातच याचे उत्तर आहे. एका व्यवहारात सुमारे सव्वा लाख गुंतत असतील तर ५ लाखांत चारच व्यवहार बसतात. पाचव्या शेअरचा ट्रिगर आला तरी त्याला पैसे नसतात. मग वीस शेअरची ‘आजची यादी’ ठेवली तर सोळा नावे फक्त लक्ष विचलित करायला उरतात. काही ट्रिगर येणारच नाहीत हे धरून एक-दोन नावे जास्त ठेवता येतात, म्हणजे यादी चार ते सहाची होते. चारांपैकी दोन जागा आधीच्या व्यवहारांनी अडवलेल्या असतील तर त्या दिवशीची नवी यादी दोन-तीन नावांचीच असते. दोन ट्रिगर एकाच वेळी आले तर कोणाला प्राधान्य, हेही क्रमांक देऊन आदल्या संध्याकाळीच लिहायचे.

मोठी वॉचलिस्ट टाकून द्यायची गरज नसते. निफ्टी ५०० हाच साठा समजावा आणि तो माणसाने न पाहता स्कॅनरने पाहावा. त्याच्या खाली पंधरा-वीस नावांची ‘तयार होत असलेले’ अशी यादी राहू शकते. ती आठवड्यातून एकदा, शनिवारी किंवा रविवारी, पाहिली तरी चालते. बाजाराच्या वेळेत मात्र स्क्रीनवर फक्त आजची यादी असावी. दुसरी उघडीच ठेवायची नाही.

यादीलाही मुदत हवी. तीन दिवस यादीत राहूनही ट्रिगर न आलेला शेअर आपोआप बाहेर काढायचा. तो पुन्हा अटींत बसला तर स्कॅनर त्याला परत आणेलच. या एका नियमाने यादीला जावक मिळते.

बाजार चालू असताना

सकाळी ९ ते ९:१५ या प्री-ओपन सत्रात यादीतले शेअर साधारण कुठे उघडतील याचा अंदाज येतो. एखादा ४१५ च्या वरच उघडणार असे दिसले तर तो त्या दिवसापुरता खोडायचा. बाकीच्यांच्या ऑर्डर किंवा अलर्ट लावायचे. दिवसभरात नवा शेअर यादीत घालायचा नाही, हा यातला सर्वांत कठीण नियम. ‘आजचे सर्वाधिक वाढलेले शेअर’ ही यादी प्रत्येक अ‍ॅपवर समोरच असते आणि तिथला ८ टक्के चढलेला शेअर आपण कसा चुकवला असे वाटते. त्याचे नाव कागदावर लिहून संध्याकाळच्या चाळणीला द्यायचे. तो अटींत बसला तर उद्याच्या यादीत येईल. नाही बसला तर तो आपल्या सेटअपचा शेअर नव्हताच.

दोष गेला की नाही, हे कसे कळते

त्यासाठी वहीत रोज दोन नोंदी पुरतात. यादीतल्या किती शेअरचे ट्रिगर आले आणि त्यांपैकी किती ठरलेल्या भावांत घेतले गेले, ही पहिली. यादीबाहेरचे किती व्यवहार झाले, ही दुसरी. महिन्याभरात दहा ट्रिगर आले आणि चारच घेतले गेले, तर यादी छोटी असूनही निर्णय सकाळी पुन्हा नव्याने घेतला जात आहे. अशा वेळी बहुतेकदा व्यवहाराचा आकार माणसाला पेलत नसतो; तोट्याची मर्यादा १ टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर आणली की हात मोकळा होतो. उलट, यादीबाहेरचे व्यवहार वाढत असतील तर यादी केवळ कागदावर आहे. दोन्ही गटांचा नफा-तोटा वेगळा मांडला, की यादीबाहेर जाण्याची किंमत रुपयांत दिसते.

आणखी एक नेहमीची चूक म्हणजे सेटअप वारंवार बदलणे. सलग चार-पाच तोटे झाले की अट बदलावीशी वाटते. पण तीनांत एकदाच यशस्वी होणाऱ्या पद्धतीत सलग पाच तोटे येण्याची शक्यता कोणत्याही पाच व्यवहारांत १३ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे ते अधूनमधून होणारच. किमान चाळीस-पन्नास व्यवहारांची नोंद झाल्याशिवाय सेटअपबद्दल काही म्हणता येत नाही.

या पद्धतीच्या मर्यादा

छोटी यादी वाईट सेटअपला चांगले करत नाही. बाजार नियामक सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२२-२३ या वर्षात रोख विभागात इंट्राडे करणाऱ्या दर दहापैकी सात जणांना तोटा झाला. वर्षात ५०० हून अधिक व्यवहार करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के होते. कमी व्यवहार केल्याने तोटा टळतो, असा थेट निष्कर्ष यातून निघत नाही. व्यवहारांची संख्या वाढवल्याने माणूस नफ्यात येत नाही, एवढे मात्र दिसते. डिलिव्हरी व्यवहारातही खरेदी आणि विक्री दोन्हींवर ०.१ टक्के एसटीटी आणि इतर शुल्क द्यावे लागते, त्यामुळे वरचे सगळे हिशेब प्रत्यक्षात थोडे अधिक कडक धरावे लागतात.

चार नावांची यादी ठेवणाऱ्याच्या हातून रोज कित्येक चढलेले शेअर निसटणार, हेही गृहीत धरावे लागते. ते शेअर त्याच्या भांडवलात तसेही बसत नव्हते. पन्नास व्यवहारांनंतर हिशेब तोट्यात असेल तर आणखी नावे घालून तो सुधारत नाही. तेव्हा यादी तेवढीच ठेवून सेटअपमधली एकच अट बदलायची आणि पुढचे पन्नास व्यवहार त्या बदललेल्या अटीने मोजायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तरच फरक कशामुळे पडला हे कळते.